दुसऱ्या वर्षाचा फॉर्म : शहापूर-मुरबाडमधल्या शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा आढावा

शिष्यवृत्ती मिळवणे अवघड, ती टिकवणे सोपे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या महाविद्यालयांत ऑफिसच्या खिडकीजवळ थोडा वेळ उभे राहिले तर उलटेच दिसते. पहिल्या वर्षाचा फॉर्म भरताना सगळेच मदतीला असतात. प्रवेशाची घाई असते, आई किंवा वडील सोबत आलेले असतात, कागदांची फाईल नवीकोरी असते. दुसऱ्या वर्षी पोरगी एकटी येते. आपण मागच्या वर्षीच फॉर्म भरलाय, आता काय करायचे असते, हा तिचा प्रश्न. पुन्हा सगळे भरायचे असते, हे त्याचे उत्तर.

इथल्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची योजना म्हणजे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अनुसूचित जमातींना ती 1948-49 पासून लागू आहे, म्हणजे योजना महाराष्ट्र राज्यापेक्षा वयाने मोठी. अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत ती चालते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. दोन्ही तालुके शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘प्रकल्प ऑफिस’च्या कक्षेत येतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या समाजांतल्या मुलामुलींचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात, आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला तपासले जातात आणि मग प्रकल्प ऑफिसकडे जातात. इतर योजनांबद्दल पुढे थोडे बोलू, पण या लेखाचा जीव या एका योजनेत आहे, कारण नूतनीकरणाचे सगळे घोळ इथे एकत्र पाहायला मिळतात.

आधी गुणांची भीती बाजूला करू. पहिल्या वर्षाला पंचेचाळीस टक्के पडले, आता स्कॉलरशिप बंद होणार, असे वाटून फॉर्मच न भरणारी मुले असतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत नूतनीकरणासाठी टक्केवारीची अट नाही. अट एवढीच की विद्यार्थी वरच्या वर्गात गेलेला असावा. त्यातही नियम चांगले समजूतदार आहेत. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे एखाद-दुसरा विषय राहिला असूनही वरच्या वर्षाला प्रवेश मिळाला, म्हणजे ज्याला आपण एटीकेटी म्हणतो, तर ज्या वर्गात प्रवेश मिळाला त्या वर्गाची शिष्यवृत्ती मिळते. राहिलेला विषय नंतर सोडवायचा, त्यासाठी पैसे अडत नाहीत. आजारपणामुळे वार्षिक परीक्षेला बसताच आले नाही, तर वैद्यकीय दाखला आणि ‘परीक्षा दिली असती तर हा विद्यार्थी उत्तीर्ण झाला असता’ असे प्राचार्यांचे प्रमाणपत्र, यावर पुढच्या वर्षासाठी नूतनीकरण होऊ शकते. ही तरतूद आहे हे विद्यार्थ्यांना सोडाच, कित्येकदा ऑफिसातही कुणाच्या लक्षात नसते.

खरी अडचण नापास होऊन त्याच वर्गात राहिल्यावर येते. वैद्यकीय, अभियांत्रिकीसारख्या पहिल्या गटातल्या अभ्यासक्रमांना पहिल्यांदा नापास झाल्यावर एकदा सवलत मिळू शकते. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. तिसऱ्या गटात येतात, त्यांना ती नाही. तिथे ‘इयर डाऊन’ झालेल्या वर्षाचा खर्च स्वतः करायचा. मात्र पुढच्या वर्गात गेल्यावर शिष्यवृत्ती पुन्हा सुरू होऊ शकते. मधले एक वर्ष गेले म्हणून हक्क कायमचा संपला, असा जो समज पाड्यांवर आहे, तो चुकीचा आहे आणि त्या समजापायी शिक्षण सोडणारेही असतात.

गुणांची कडक अट असते ती गुणवत्तेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांना. आठवीत परीक्षा देऊन मिळणारी एनएमएमएस शिष्यवृत्ती नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये देते. पण ती अकरावीत चालू राहायची तर दहावीला 60 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी 55. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात जायला हवे. जाता जाता एक सांगायला हवे. राहण्या-जेवणाची सोय शासनच करते अशा शासकीय निवासी शाळांतली मुले या योजनेत बसत नाहीत. ज्या तालुक्यात आश्रमशाळाच अनेकांची शाळा असते, तिथे ही अट कुणाला बाहेर ठेवते ते वेगळे सांगायला नको. बारावीनंतरची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांतल्या मुलांना मिळते, पदवीच्या तीन वर्षांना दरसाल 12,000 रुपये. तिच्या नूतनीकरणाला वार्षिक परीक्षेत 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी, दोन्ही लागतात. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर, महाडीबीटीवर नव्हे. म्हणजे ‘स्कॉलरशिपला किती टक्के लागतात’ या प्रश्नाला, ‘कुठली स्कॉलरशिप’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

हजेरीचे गणित जरा जास्त गुंतागुंतीचे आहे. मॅट्रिकोत्तर योजनेच्या केंद्रीय नियमावलीत आकडा नाही. ‘नियमित उपस्थिती आणि चांगली वर्तणूक’ असे शब्द आहेत, आणि विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्याबद्दल संस्थाप्रमुखाने कळवले तर शिष्यवृत्ती थांबवता येते. आकडा येतो तो विद्यापीठाकडून, आणि मुंबई विद्यापीठाचा आकडा 75 टक्के आहे. उच्च शिक्षण आणि तंत्रशिक्षण विभागांची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मात्र दुसऱ्या वर्षापासून आधीच्या सत्राची किमान 50 टक्के हजेरी मागते, आणि सत्र परीक्षेला बसणे आवश्यक धरते. आदिवासी विद्यार्थ्याच्या बाबतीत, कागदावर आकडा नसल्यामुळे, शेवटी महाविद्यालयाच्या लॉगिनवरून अर्ज पुढे पाठवणारा माणूस हीच खरी कसोटी ठरते. यात सोय आहे तशी जोखीमही आहे. समजून घेणारे प्राचार्य असतील तर आवणीच्या आठवड्यांकडे कानाडोळा होतो. नसतील तर तोच विद्यार्थी ‘अनियमित’ ठरतो.

आवणीचा उल्लेख उगाच केला नाही. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या पट्ट्यांत जुलै-ऑगस्टमध्ये भाताची लावणी चालते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी-झोडणी. ज्या घरात चार हात आहेत तिथे दोन कॉलेजला पाठवणे परवडत नाही. पहिल्या सत्राची हजेरी नेमकी लावणीत पडते, आणि त्याच सुमारास शिष्यवृत्तीच्या अर्जांची खिडकी उघडलेली असते. त्यात कातकरी कुटुंबांचे स्थलांतर. दिवाळी झाली की अनेक घरे भिवंडी-कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आल्यावर परततात. शिष्यवृत्तीचा कागदी कालखंड मात्र आर्थिक वर्षाने चालतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, तेव्हा आईबाप भट्टीवर असतात. माझ्या मते या भागात नूतनीकरण अडण्याचे पहिले कारण हेच आहे: शेताचे वर्ष, भट्टीचे वर्ष आणि सरकारी वर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तिघांचा मेळ घालायची जबाबदारी एकोणीस वर्षांच्या मुलीवर पडते.

एक उदाहरण सबंध पाहू, म्हणजे कागद कुठे सुटतात ते नीट कळेल. व्यक्ती काल्पनिक आहे, घोळ नाहीत. समजा डोळखांबच्या बाजूच्या पाड्यावरची एक ठाकूर समाजातली मुलगी. 2023-24 मध्ये शहापूरला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आली, अर्ज भरला, पैसे मिळाले. पहिल्या सत्रात एक विषय राहिला, दुसरे सत्र सुटले. 2024-25 मध्ये ती दुसऱ्या वर्षाला आहे.

तिची पहिली अडचण लॉगिनची. मागच्या वर्षी फॉर्म सेवा केंद्रातल्या दादाने भरला होता. युजरनेम कुठे लिहिलेले नाही आणि ओटीपी येतो तो त्या दादाच्या मोबाईलवर, कारण प्रोफाईल भरताना त्याने पटकन स्वतःचाच नंबर टाकला. तो आता दुकान बंद करून कल्याणला गेला आहे. काही मुले अशा वेळी नवे खाते उघडायला जातात आणि ‘हा आधार क्रमांक आधीच नोंदलेला आहे’ या ओळीपाशी अडकतात. जुनेच खाते शोधून काढावे लागते, नवीन हा त्यावर उपाय नाही. पहिल्या वर्षीच घरातला, नाहीतर स्वतःचा नंबर टाकणे आणि युजरनेम वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवणे, एवढ्याने पुढची दोन वर्षे वाचतात.

लॉगिन झाले. आता फॉर्म ‘नवीन’ की ‘नूतनीकरण’? अकरावी-बारावीला शिष्यवृत्ती घेऊन बी.ए.ला आलेली मुलगी नवीन अर्ज करते, कारण अभ्यासक्रम बदलला. बी.ए. पहिल्याहून दुसऱ्याला गेलेली नूतनीकरण करते, कारण अभ्यासक्रम तोच आहे. आपली मुलगी दुसऱ्या प्रकारात येते. तिने चुकून नवीन अर्ज भरला तर संस्थेच्या तपासणीत तो परत येईल, आणि तोवर मुदत सरत आलेली असेल. प्रोफाईलमध्ये चालू अभ्यासक्रमाचे वर्ष ‘दुसरे’ करायचे आणि मागच्या वर्षाचा निकाल ‘एटीकेटी’ असाच भरायचा. ‘उत्तीर्ण’ लिहिले तर गुणपत्रिकेशी जुळत नाही, ‘अनुत्तीर्ण’ लिहिले तर अर्जच बाद होण्याची भीती. बरीच मुले संकोचाने पहिला पर्याय निवडतात. दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका जोडाव्या लागतात, एकट्या दुसऱ्या सत्राची पुरत नाही.

मग कागद अपलोड करणे. संकेतस्थळ 256 केबीपर्यंतचीच फाईल घेते. मोबाईलने काढलेला गुणपत्रिकेचा फोटो दोन-तीन एमबीचा असतो. सेवा केंद्रात तो इतका आवळून लहान करतात की बैठक क्रमांकही वाचता येत नाही. फाईल चढते, अर्ज गेल्याची पावती मिळते आणि महिन्याभराने तो ‘सेंड बॅक’ होऊन परत येतो. हा शब्द या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत घातक आहे, कारण तो नकार नसतो. अर्ज विद्यार्थ्याच्याच खात्यात परत येऊन पडतो, शेरा वाचून दुरुस्त करायचा आणि पुन्हा पाठवायचा असतो. पण तो बघायला खात्यात जावे लागते. मुलगी समजते की अर्ज ऑफिसात आहे, ऑफिस समजते की मुलीने दुरुस्ती केली नाही. अर्ज पाठवल्यावर निदान दर पंधरा दिवसांनी त्याची स्थिती बघणे हा फॉर्म भरण्याचाच भाग आहे, आणि फाईल चढवण्याआधी ती मोबाईलवर उघडून स्वतःला वाचता येते का ते पाहणे हाही.

आता उत्पन्नाचा दाखला. पहिल्या वर्षी जून 2023 मध्ये काढलेल्या दाखल्याच्या तळाशी ‘31 मार्च 2024 पर्यंत वैध’ असे लिहिले आहे. ती ओळ कुणी वाचली नाही. केंद्राच्या नियमावलीचा सूर असा, की एकाहून जास्त वर्षांच्या अभ्यासक्रमाला उत्पन्नाचा पुरावा प्रवेशाच्या वेळी एकदाच घ्यावा. प्रत्यक्षात मुदत संपलेला दाखला जोडला की त्रुटी निघते. म्हणून वाद घालण्यापेक्षा नवा दाखला काढलेला बरा. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड, पालकाचे आधार आणि आपले सरकार सेवा केंद्रातून तहसीलदारांकडे अर्ज, असा रस्ता आहे. लोकसेवा हक्क कायद्याखाली यासाठी पंधरा दिवसांची मुदत ठरलेली आहे. पण तलाठ्यासमोर उभा राहणारा बाप भट्टीवर असेल तर ते पंधरा दिवस सुरूच होत नाहीत. हे काम आईबाप पाड्यावर असताना, म्हणजे पाऊस लागल्यापासून दिवाळीपर्यंत उरकायचे. एप्रिलनंतर काढलेला दाखला पुढच्या मार्चपर्यंत चालतो, त्यामुळे जूनमध्ये काढला तर त्या वर्षाच्या फॉर्मला तो पुरतो. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखलाही काढता येतो. कुठलाही असो, तळाची ओळ वाचायची. मुरबाडच्या कुणबी, आगरी मुलांना नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रावरही अशीच मुदतीची तारीख असते, आणि ती जातीच्या दाखल्यासारखी कायमची नाही, हे तेही बहुधा विसरतात.

अर्ज मंजूर झाला तरी एक टप्पा राहतो तो बँकेचा. पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. या मुलीने मधल्या वर्षात नवे सिमकार्ड घेतले, दुकानदाराने अंगठा घेतला आणि सिमबरोबर एक पेमेंट बँकेचे खातेही उघडून दिले. आता आधारची जोडणी तिकडे गेली. शिष्यवृत्ती जमा झाली असेल, पण शहापूरच्या बँकेतले पासबुक कितीदा भरून घेतले तरी ती दिसणार नाही. आधारच्या संकेतस्थळावर ‘Bank Seeding Status’ या ठिकाणी आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला की कुठल्या बँकेशी जोडणी आहे ते दिसते. बँकेचे नाव बरोबर असून ‘Inactive’ दिसले, तर बँकेत जाऊन आधार जोडणीचा अर्ज पुन्हा द्यावा लागतो. ‘आमच्याकडे आधार लिंक आहे’ एवढ्या उत्तरावर शाखेतून परतू नये, कारण खात्याला आधार क्रमांक लावणे आणि थेट लाभासाठी जोडणी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणखी एक, हप्ता व्हाउचरच्या रूपात आला असेल तर विद्यार्थ्याने लॉगिन करून तो ‘रिडीम’ केल्याशिवाय पुढे सरकत नाही. तेही बघायचे.

एवढ्या खटाटोपातून मिळते काय? 2010 मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे बी.ए.च्या, घरून ये-जा करणाऱ्या मुलीला निर्वाह भत्ता महिना 300 रुपये, वसतिगृहात राहणारीला 570. दहा महिन्यांचे तीन हजार. शासकीय वसतिगृहात राहणे-जेवणे फुकट असेल तर वसतिगृहाच्या दराचा एक तृतीयांश, म्हणजे महिना 190. आजच्या दिवसांत ही रक्कम नाव घेण्यासारखी नाही, आणि शासनाने तिच्याकडे पाहायला हवे. पण याखेरीज शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळते, आणि खासगी संस्थेतल्या बी.फार्म. किंवा अभियांत्रिकीच्या मुलासाठी तोच मोठा आकडा असतो. त्याचे नूतनीकरण अडले तर हजारांत नव्हे, लाखांच्या जवळपास फी घरच्यांच्या अंगावर येते. अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात वैधता प्रमाणपत्रही लागते. ते ठाण्याच्या अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडून मिळते, एकदा मिळाले की पुरते, पण वेळ फार लागतो. ते पहिल्या वर्षी ‘नंतर देतो’ म्हणून राहिले असेल तर दुसऱ्या वर्षी दार तिथेच बंद होते.

वसतिगृहाबद्दल एक खुलासा. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा प्रवेश आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हे दोन वेगळे अर्ज आहेत, दोन वेगळ्या संकेतस्थळांवर. वसतिगृहातल्या जुन्या विद्यार्थ्यालाही दरवर्षी प्रवेशाचे नूतनीकरण करावे लागते. एक केले म्हणजे दुसरे झाले असे समजून बसलेली मुले दरवर्षी सापडतात. आणि मध्येच महाविद्यालय किंवा विषय बदलायचा असेल, उदाहरणार्थ शिवळ्याहून कल्याणला जायचे असेल, तर आधी परवानगी घ्यायची. परवानगीशिवाय संस्था किंवा अभ्यासक्रम बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द करता येते, आणि वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडले तर त्या वर्षाची रक्कम परत मागता येते, असे नियम सांगतो.

विद्यार्थ्यांना सूचना देणे सोपे आहे, महाविद्यालयांना थोडे अवघड. तरी दोन गोष्टी त्यांच्या हातात आहेत. नूतनीकरणाची यादी त्यांच्याकडे आधीच तयार असते, कारण मागच्या वर्षी त्यांनीच ते अर्ज मंजूर केलेले असतात. त्या यादीतले कोण या वर्षी आले नाही आणि कुणाचा अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन पडला आहे, हे नोटीस बोर्डावर लावता येते. आणि महसूल विभागाची महाराजस्व अभियानातली दाखल्यांची शिबिरे महाविद्यालयाच्या आवारात मागवता येतात. ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्यायची, लावणी उरकल्यावर आणि दिवाळीच्या आधी, कारण त्यानंतर सही करायला पाड्यावर कुणी नसते.